किलोने घेतलेला, नगाने वापरलेला

पत्रा किलोवर विकत घेतात आणि नगावर वापरतात. प्रेसशॉपमधल्या कॉस्टिंगची बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. मी भोसरीच्या एमआयडीसीत कॉस्टिंगच्या कामाला लागले, नंतर चाकणला गेले. कंपन्या बदलल्या, पण काम तेच राहिलं: गाड्यांच्या कारखान्यांना ब्रॅकेट, क्लॅम्प असे पत्र्याचे भाग पुरवणाऱ्यांच्या वह्या सांभाळायच्या. या वर्षांत दोन नोंदींनी माझा सर्वांत जास्त वेळ घेतला. एक, माल ठरल्यापेक्षा महाग पडला त्याची. दुसरी, माल ठरल्यापेक्षा जास्त लागला त्याची. परीक्षेच्या पुस्तकात दोन्ही एका पानात संपतात. शॉपवर मात्र त्या कधी आणि कोणत्या खात्यात पडतात यावर गिऱ्हाइकाकडून पैसे मिळणार की बुडणार हे ठरतं.

ज्यांचा या पद्धतीशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक भागासाठी दोन गोष्टी ठरवून ठेवतात: एका नगाला किती किलो पत्रा लागावा आणि तो काय भावाने मिळावा. हे झालं स्टँडर्ड. वर्षभर साठा आणि उत्पादन याच भावाने वह्यांत चालतं. प्रत्यक्षात जे कमीजास्त होतं ते व्हेरिअन्सच्या खात्यांत वेगळं काढतात. भावातला फरक म्हणजे प्राइस व्हेरिअन्स आणि वापरातला फरक म्हणजे युसेज व्हेरिअन्स. भाव शांत असतात तेव्हा या खात्यांकडे कोणी फिरकत नाही. २०२०च्या उत्तरार्धापासून पोलाद चढायला लागलं आणि जो हॉट रोल्ड पत्रा त्या उन्हाळ्यात टनाला चाळीस हजारांच्या आत होता तो २०२२च्या एप्रिलपर्यंत पंचाहत्तर हजारांच्या आसपास गेला. त्या दोन वर्षांत महाळुंगे, कुरुळी, निघोजे या पट्ट्यातल्या लहान पुरवठादारांच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न याच दोन खात्यांचा असायचा.

त्या काळातल्या, चाकणच्या एका कंपनीतल्या एका महिन्याची गोष्ट सविस्तर सांगते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण प्रमाणं जशी होती तशीच आहेत.

भाग होता एक ब्रॅकेट. पत्रा २ मिलिमीटर जाडीचा, कॉइलची रुंदी २५० मिलिमीटर, आणि टूलचा पिच, म्हणजे दर ठोक्याला पट्टी पुढे सरकते ते अंतर, २०० मिलिमीटर. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो धरली की एका नगाच्या वाट्याला ७८५ ग्रॅम पट्टी येते. कॉइलची टोकं आणि सेटिंगला जाणारे नग यांची नेहमीची तूट त्यावर १५ ग्रॅम धरून स्टँडर्ड ठरलं ८०० ग्रॅम. तयार ब्रॅकेटचं वजन ५६० ग्रॅम. बाकीचं भंगार. स्टँडर्ड भाव किलोला ६० रुपये.

त्या महिन्यात ४५ टन कॉइल आली, ती ६६ रुपयांनी. मिलचा माल वेळेवर मिळत नव्हता, म्हणून स्लिटिंग सेंटरकडून हातचा माल उचलला होता. पन्नास हजार ब्रॅकेट बनले. त्यांना ४०,००० किलो लागायला हवे होते, प्रत्यक्षात ४१,८०० किलो लागले.

पहिली नोंद माल गेटातून आत येतो आणि जीआरएन होतो तेव्हाची. साठा खाते नावे २७,००,००० (४५,००० किलो, ६० रुपयांनी), प्राइस व्हेरिअन्स खाते नावे २,७०,००० (किलोमागे ६ रुपये), पुरवठादार जमा २९,७०,०००. जीएसटी यात धरायचा नाही. त्याची वजावट मिळते, त्याचं खातं वेगळं. वाहतूक मात्र मालाच्या भावात येते. स्टँडर्ड भाव ठरवताना ती धरली असेल तर प्रत्यक्ष भावातही धरावी लागते, नाहीतर दर महिन्याला खोटाच फरक दिसत राहतो.

ही नोंद माल वापरात जाईल तेव्हा करावी असं म्हणणारे लोक आहेत आणि पुस्तकात ती पद्धतही दिलेली असते. साठा प्रत्यक्ष भावाने ठेवायचा आणि शॉपला माल दिला की त्या दिवशी फरक काढायचा. एका कंपनीत मी ही पद्धत चालू असलेली पाहिली आहे. भाव चढत होते, गोदामात दीड-दोन महिन्यांचा माल पडून होता आणि वाढलेला भाव तेवढा काळ साठ्यातच झाकलेला राहत होता. फरक वह्यांत दिसायला लागला तोवर गिऱ्हाइकाकडे त्या तिमाहीचा भाववाढीचा प्रस्ताव देण्याची मुदत टळून गेली होती. तेव्हापासून मी जिथे गेले तिथे एकच आग्रह धरला: भावाचा फरक माल आला त्याच दिवशी, आलेल्या सगळ्या मालावर काढायचा. खरेदीचा निर्णय त्या दिवशी झालेला असतो, तो त्याच दिवशी दिसायला हवा.

दुसरी नोंद उत्पादनाची. चालू काम खाते नावे २४,००,००० (४०,००० किलो, ६० रुपयांनी), युसेज व्हेरिअन्स खाते नावे १,०८,००० (१,८०० किलो, ६० रुपयांनी), साठा खाते जमा २५,०८,०००. जास्तीच्या वापराला इथेही स्टँडर्ड भावच लावायचा, ६६ नव्हे. शॉपच्या माणसाने भाव ठरवलेला नाही. त्याने १,८०० किलो जास्त वापरले एवढाच त्याच्याशी संबंध. त्यावरचे वाढीव ६ रुपये, म्हणजे १०,८०० रुपये, आधीच प्राइस व्हेरिअन्समध्ये जाऊन बसलेले असतात.

कागदावर हे सरळ दिसतं, पण चाकणच्या त्या कंपनीत युसेज व्हेरिअन्सचं खातं कित्येक महिने जवळजवळ शून्य होतं. ईआरपीत बॅकफ्लश चालू होता. म्हणजे शॉपने पन्नास हजार नग झाले असं नोंदवलं की सिस्टिम स्वतःच नगाला ८०० ग्रॅम याप्रमाणे साठ्यातून ४०,००० किलो वजा करायची. प्रत्यक्षात किती गेले हे कोणी सांगत नव्हतं आणि सिस्टिम विचारत नव्हती. महिनाअखेरीला साठा मोजला की १,८०० किलो कमी भरायचे आणि ते 'साठा तफावत' या नावाखाली निघून जायचे. संचालकांना दर महिन्याला एकच दिसायचं: उत्पादन अगदी नेमकं, गोदाम मात्र गळतंय. स्टोअरच्या काकांवर संशयाने पाहिलं जायचं. ते बिचारे म्हणायचे, "मॅडम, माझ्याकडून गेलेली प्रत्येक कॉइल चलनावर आहे, तुम्ही मोजून घ्या." ते खरं बोलत होते.

युसेज व्हेरिअन्स सलग शून्य आणि साठ्यात दर महिन्याला तूट, अशी जोडी दिसली की मी आता थेट बॅकफ्लशची सेटिंग बघते. त्या कंपनीत आम्ही दोन बदल केले. प्रत्येक पाळीच्या शेवटी मशीनवर उरलेली कॉइल काट्यावर घालून तिचं वजन लिहायचं. आणि ठरलेल्यापेक्षा जास्त माल हवा असेल तर वेगळ्या रंगाची जादा मागणीची चिठ्ठी, त्यावर कारण आणि सुपरवायझरची सही. बॅकफ्लश बंद केला नाही, कारण त्याने कारकुनी वाचते. चिठ्ठ्यांवरचं वजन फक्त त्यात वेगळं भरायला लागलो. पुढच्याच महिन्यात १,८०० किलो गोदामाच्या खात्यातून उठून शॉपच्या खात्यात आले.

आणि भांडण सुरू झालं. खरेदीवाले म्हणाले, बाजार चढलाय, आमचे २,७०,००० आमच्या हातात नव्हते; पण शॉपचे १,०८,००० हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. शॉपचा सुपरवायझर तीस वर्षं प्रेसवर काम केलेला माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, पट्टी तशीच चालते, टूल तेच आहे, पिच तोच आहे. मी जास्तीचा पत्रा खाल्ला का?" मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटला. जास्तीचे १,८०० किलो कुठेतरी असायलाच हवेत. पत्रा हवेत विरत नाही. तो एकतर तयार भागांत असतो, नाहीतर भंगारात, नाहीतर कारखान्याबाहेर.

म्हणून पहिल्यांदा भंगार पाहिलं. ४१,८०० किलो वापरले आणि पन्नास हजार ब्रॅकेटचे २८,००० किलो भरले तर भंगार १३,८०० किलो निघायला हवं. वजनकाट्याच्या पावत्यांप्रमाणे भंगारवाल्याने नेलं होतं १३,०८० किलो, आणि आवारात शिल्लक काही नव्हती. म्हणजे ७०० किलोंच्या वर पत्रा भंगारात आलाच नव्हता. इथे चोरीची कुजबुज सुरू झाली. मी सुपरवायझरला म्हटलं, तयार मालातले शंभर नग मोजून काट्यावर ठेवू या.

तपासणीच्या टेबलाशेजारच्या छोट्या काट्यावर त्याने वेगवेगळ्या पाळ्यांच्या बिनमधून दहा-दहा नग उचलून शंभर केले. छप्पन्न किलो भरायला हवे होते. भरले ५७.४. काटा शून्य करून पुन्हा ठेवले, तेवढेच. मग क्वालिटीच्या मुलाने मायक्रोमीटर आणला आणि पत्रा मोजला: २.०५ मिलिमीटर.

तिथे सगळं उलगडलं. जाडी अडीच टक्क्यांनी जास्त होती, म्हणून प्रत्येक नग १४ ग्रॅमने जड होता आणि पन्नास हजार नगांतून ७०० किलो पत्रा गिऱ्हाइकाकडे रीतसर निघून गेला होता. भागाच्या ड्रॉइंगला ही जाडी चालत होती, पोलादाच्या मानकातल्या सहनमर्यादेतही बसत होती, त्यामुळे आवक तपासणीत कोणी अडवली नव्हती. पण आम्ही पैसे किलोला मोजले होते. ७८५ ग्रॅमच्या जागी पट्टी ८०४ ग्रॅमच्या थोडी वर लागत होती. पन्नास हजार नगांना हिशोब केला तर १,८०० पैकी ९८१ किलो नुसत्या जाडीचे निघाले. यात शॉपने काहीही वाया घालवलं नव्हतं.

उरलेल्या ८१९ किलोंतही एक गोष्ट निघाली. मिलच्या मालात २५० रुंदीची कॉइल साधारण दोन टनांची असायची. स्लिटिंग सेंटरने जे हाताला लागलं ते कापून दिलं होतं, त्या कॉइल आठशे-आठशे किलोंच्या होत्या. प्रत्येक कॉइलची सुरुवात आणि शेवट मिळून तीनेक मीटर पट्टी डीकॉइलर, स्ट्रेटनर आणि टूलच्या मधल्या अंतरात जाते, म्हणजे बारा किलो. दोन टनांच्या कॉइल असत्या तर एकवीस लागल्या असत्या, इथे बावन्न लागल्या. जास्तीच्या एकतीस कॉइलच्या टोकांचे झाले ३७२ किलो. खऱ्या अर्थाने शॉपकडे राहिले ४४७ किलो: गिऱ्हाइकाचं शेड्यूल सारखं बदलत होतं म्हणून वाढलेल्या सेटिंगचे नग, आणि रिजेक्शन.

रुपयांत बोलायचं तर १,०८,०००च्या युसेज व्हेरिअन्समधले ८१,१८० रुपये खरेदीच्या निर्णयातून आले होते आणि २६,८२० शॉपमधून. खात्याचं नाव 'वापर' आहे म्हणून जबाबदारी वापरणाऱ्याची, हे गृहीत धरून किती सुपरवायझरांनी किती मीटिंगमध्ये बोलणी खाल्ली असतील, याचं मला फार वाईट वाटतं. टंचाईच्या काळात भाव चढणं आणि वापर चढणं ही अनेकदा एकाच खरेदीची दोन फळं असतात. भाव जास्त मोजून घेतलेला माल जाडीला आणि लांबीलाही मनासारखा नसतो, कारण निवड करायला वाव नसतो. म्हणून मी युसेज व्हेरिअन्सखाली तीन पोटखाती उघडते: जाडी, कॉइलची टोकं, आणि सेटिंग-रिजेक्शन. मुख्य नोंद तीच राहते. आठवड्याला शंभर नगांचं वजन आणि कॉइलची संख्या एवढ्यावर पहिली दोन खाती भरता येतात.

त्याच मीटिंगमध्ये एक सोपा उपायही पुढे आला होता: स्टँडर्डच ८३० ग्रॅम करून टाका, मग फारसा फरकच दिसणार नाही. दर वेळी कोणीतरी हे सुचवतंच. मी त्याला ठाम विरोध करते आणि त्याचं कारण गिऱ्हाइकाच्या भावाच्या सूत्रात आहे. गाड्यांचे कारखाने भागाचा दर असा मान्य करतात: पट्टीचं मान्य वजन गुणिले पत्र्याचा भाव, त्यातून भंगाराचं वजन गुणिले भंगाराचा भाव वजा, वर घडणावळ. पत्रा चढला की तिमाहीला किंवा सहामाहीला रेट अमेंडमेंट होते आणि मागच्या पुरवठ्यावरचा फरक डेबिट नोटने घेता येतो. या ब्रॅकेटला गिऱ्हाइकाने ७८५ ग्रॅमच मान्य केले होते. किलोला ६ रुपये वाढीवर नगाला ४ रुपये ७१ पैसे होतात. भंगारही किलोला ३ रुपयांनी चढलं होतं, २२५ ग्रॅमवर त्याचे साधारण ६७ पैसे त्यांनी वजा केले. हातात आले नगाला ४ रुपये आणि वर काही पैसे. वजनाच्या रकान्याला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. पाच ग्रॅमसाठीही टूलचं लेआउट पुन्हा दाखवावं लागतं. म्हणजे भावाचा फरक मागता येतो, बराचसा मिळतोही. वापराचा फरक आपल्याच खिशातून जातो. आपण स्टँडर्ड ८३० केलं तर गिऱ्हाइक एक पैसाही जास्त देत नाही, आपल्याला मात्र खिशाचं भोक दिसेनासं होतं. आणि दोन्ही फरक एकाच खात्यात मिसळले तर अमेंडमेंटच्या बैठकीत आपला आकडा त्यांच्या आकड्याशी जुळत नाही आणि न्याय्य मागणीसुद्धा संशयात सापडते.

भंगाराबद्दल एक सांगायला हवं. जास्तीच्या १,८०० किलोंपैकी जे भंगारात गेलं त्याचे पैसे येतात. ते 'इतर उत्पन्न' म्हणून नफ्यात वेगळे दाखवले तर शॉपचं नुकसान आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. स्टँडर्डपेक्षा जास्त निघालेल्या भंगाराची रक्कम मी व्यवस्थापनाच्या अहवालात युसेज व्हेरिअन्समधूनच वजा करून दाखवते. पण गिऱ्हाइकाकडे गेलेले ७०० किलो या वजावटीत येत नाहीत. ते ६६ रुपयांनी घेतलेलं पोलाद आपण फुकट देऊन टाकलेलं असतं.

वर्ष संपलं की व्हेरिअन्सची खाती बंद करायची वेळ येते आणि तिथे वेगळीच अडचण असते. लेखामानकाप्रमाणे, एएस २ असो की मोठ्या कंपन्यांचं इंड एएस २, स्टँडर्ड भावाने साठा दाखवता येतो, पण तो प्रत्यक्ष खर्चाच्या जवळ असेल तरच. आमच्या त्या महिन्याचंच उदाहरण घेतलं तर ४५,००० किलोंपैकी ३,२०० किलो शिल्लक होते. त्यांच्यावरचे ६ रुपयांप्रमाणे १९,२०० रुपये नफ्यातोट्यात टाकून मोकळं होणं चूक. ते साठ्याच्या किमतीत परत घालायचे, कारण तो माल खरोखरच ६६ने घेतला आहे. स्टँडर्डप्रमाणे लागणाऱ्या ४०,००० किलोंवरचे २,४०,००० तयार आणि विकलेल्या मालाच्या प्रमाणात वाटायचे. नेहमीपेक्षा जास्त वाया गेलेला माल मात्र साठ्याच्या किमतीत घालता येत नाही. तो त्या वर्षाचा खर्च, आणि त्यावरचे भाववाढीचे पैसेही त्याच्याबरोबर. मानकातला हा नियम मला अतिशय योग्य वाटतो. वाया गेलेल्या पत्र्याने गोदामातल्या पत्र्याची किंमत वाढत नाही.

भाव उतरतात तेव्हा हीच वाटणी जास्त काळजीने करावी लागते. २२ मे २०२२ पासून केंद्राने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यातकर लावला आणि देशातला भाव घसरायला लागला. तो कर नोव्हेंबरात उठला. एप्रिलमध्ये शिखरावरच्या भावाने स्टँडर्ड ठरवलेल्या कंपन्यांत मग महिन्यामागून महिना प्राइस व्हेरिअन्स जमा बाजूला यायला लागला. मीटिंगमध्ये आनंद होता, खरेदीचं कौतुक झालं. पण गोदामातला माल वह्यांत अजून चढ्या स्टँडर्डने उभा होता आणि गिऱ्हाइकांनी उतरत्या भावाची अमेंडमेंट आधीच पाठवली होती. त्या जमा फरकातला साठ्याचा हिस्सा आणि गिऱ्हाइकाला परत द्यायचा हिस्सा बाजूला काढला तर नफा म्हणून फारच थोडं उरत होतं. सहामाहीच्या मध्येच स्टँडर्ड भाव बदलायचा निर्णय तिथे मी लावून धरला. वजनाचं स्टँडर्ड जसंच्या तसं ठेवलं.

ब्रॅकेटच्या बाबतीत पुढे खरेदीने मिलकडे पुन्हा ऑर्डर दिली, ती जाडीची वरची मर्यादा आवळून. त्याचा थोडा जादा आकार पडला. तो प्राइस व्हेरिअन्समध्ये नावे बाजूला दिसायला लागला आणि खरेदीप्रमुखांनी विचारलं की हा डाग आमच्या खात्यावर का. त्यांना मी दोन महिन्यांची जाडीच्या पोटखात्याची रक्कम शेजारी मांडून दाखवली. आकार किलोला रुपयाच्या आत होता. पत्रा नेमक्या दोन मिलिमीटरवर आल्यावर त्या पोटखात्यातले महिन्याचे जवळपास ५९,००० रुपये थांबले होते. त्यांनी ती ऑर्डर कायम केली आणि शंभर नगांच्या वजनाचा कागद दर सोमवारी आपल्याकडेही यावा असं सांगितलं.